सोडा काही झाकत नाही

मार्चमध्ये मला ताप आला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर आहे, सर्दी नाही, श्वास मोकळा चालतो, फक्त वास बंद. नाव बकुळा, आणि फुलाचा वास येईना. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी चिडते.

आता एखाद्या बाईला वास नाही आला तर काय बिघडतं? गटाराजवळून आरामात चालता येतं. पण मी बारटेंडर आहे. लालबागला, करी रोडच्या पुलाकडून चालत आलात की कोपऱ्यावर 'किनारा फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' लागतो. तिथलं काउंटर माझं. आईनं नातेवाइकांना बरीच वर्षं 'हॉटेल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगितलं. मग एकदा काकाच स्वतः येऊन बसला, मी त्याला जिन-टॉनिक करून दिलं, आणि तेव्हापासून आमच्या परळच्या चाळीत माझा भाव वधारला.

डॉक्टर म्हणाला, व्हायरलनंतर होतं असं. परत येईल, कदाचित काही महिन्यांनी येईल, कदाचित नाही येणार. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी असले ठळक वास हुंगत जा, मेंदूला आठवण करून द्यायची. मी विचारलं, "आणि चव?" तो म्हणाला, "जिभेला एकटीला फार थोडं कळतं हो. गोड, आंबट, खारट, कडू, झालंच तर तिखटाची आग. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम." ऐकून मला त्याचाच राग आला. बिचाऱ्याचा काय दोष, पण मला कुणाचातरी यायलाच हवा होता.

कामावर कुणाला सांगितलं नाही. कारण त्याच महिन्यात जयवंतदादांनी वरचा मजला करायला घेतला होता.

जयवंतदादा आमचे मालक. मूळचे मालवणकडचे, जन्म लालबागचा. वरच्या मजल्यावर त्यांच्या आईची खानावळ होती. गिरणीचे कामगार तिथं पाळीनुसार जेवायला यायचे. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, आणि वर मोडक्या खुर्च्या नि स्टीलचे पेले उरले. आता समोर टॉवर आलेत. टॉवरमधली पोरं खाली येतात आणि विचारतात, "जिंजर बीअर आहे का? टॉनिक कुठलं आहे?" तेव्हा दादांनी ठरवलं, खाली आपला नेहमीचा बार राहू दे, वर एक नवीन, नीटस, कॉकटेलचा बार. आणि वरच्या बारला एक मुख्य माणूस. एकतर मी, नाहीतर सुशांत.

सुशांतला मीच शिकवला. घोडपदेवचा मुलगा, आला तेव्हा त्याला बर्फसुद्धा नीट भरता येत नव्हता. अर्धा ग्लास बर्फ घालायचा, तो लगेच वितळायचा आणि सगळं पाणीपाणी. मी ओरडून ओरडून त्याला ग्लास काठोकाठ भरायला लावला. नाक मात्र त्याचं जन्माचं तिखट. कुठल्या टेबलवर कुणी कोळंबी मागवली ते हा पाठमोरा उभा असताना सांगायचा.

वरचा बार मला हवा होता, अगदी मनापासून. खाली मी कितीही चांगलं केलं तरी लोक म्हणणार, क्वार्टर दे आणि सोडा दे. वर मला काहीतरी माझं बनवता आलं असतं. टाइल्स बसायच्या आधीपासून मी जिन्यावर उभी राहून, कुठली बाटली कुठं ठेवायची ते मनात लावत असे. आणि अशा वेळी हे नाक.

तरी निभावत होते. बाटलीवर लेबल असतं, माप हातात असतं, आणि कशात काय घालायचं ते मला झोपेतही कळतं. गिऱ्हाईक म्हणालं, "काय गं, आज मस्त झालंय," की मी म्हणायची, "रोजच असतं." स्ट्रॉचं टोक ग्लासात बुडवायचं, वरून बोट दाबायचं आणि थेंब जिभेवर सोडायचा. आम्ही ड्रिंक असंच चाखतो. तो थेंब पडायचा आणि काही नाही. टॉनिक असलं तर कडू, कोला असला तर गोड. त्याच्या आत जी दारू बसलेली असते, तिचा पत्ताच नाही. जिन काय, व्होडका काय, व्हिस्की काय, घशाला नुसती ऊब. माझी सगळी माणसं एकदम मुखवटे घालून समोर आल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी दादा म्हणाले, "उद्या दुपारी दोघांनी लवकर या. परीक्षा घेतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवणाचं गिऱ्हाईक उठलं, शटर अर्ध्यावर आलं, आणि दादांनी कोपऱ्यातल्या टेबलावर आईच्या खानावळीतले चार स्टीलचे पेले मांडले. हे दादांचं जुनं खूळ. नवीन काही चाखायचं झालं की स्टीलच्या पेल्यात. "काचेच्या ग्लासात आधी डोळे पितात," असं त्यांचं म्हणणं. "काळा दिसला की माणूस रम म्हणून मोकळा. स्टीलमध्ये कळू दे."

गुणाजी, आमचा कणकवलीचा आचारी, मसाल्याचे हात पुसत बघायला येऊन उभा राहिला. सुशांत माझ्या शेजारी बसला.

दादा म्हणाले, "प्रत्येक पेल्यात एक दारू आणि एक तिचा जोडीदार. टॉनिक, जिंजर बीअर, कोला, सोडा, चारातला एकेक. सांगायचं काय, दारू कुठली, जोडीदार कुठला, आणि त्यानं तिचं काय केलं. बकुळा सीनियर, ती आधी बोलेल. मग सुशांत. त्याचं वेगळं मत असेल तर सांगेल."

मी मनात म्हटलं, बकुळे, मेलीस.

पहिला पेला. घोट घेतला, आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडू चढलं. टॉनिक. एवढं तर मेल्यावरही कळेल. आत दारू होती, ऊब लागली. पण कुठली? मग मी जिभेचा नाद सोडला आणि दादांचा विचार केला. टॉनिकमध्ये व्होडका घालणाऱ्याला दादा आळशी म्हणतात. म्हणजे जिन.

"जिन आणि टॉनिक," मी ठणकावून सांगितलं. "जिनमध्ये जुनिपरच्या फळाचा पाइनसारखा झाडोरा असतो, लिंबाच्या सालीचा वास असतो. टॉनिकमधलं क्विनाइन कडू, पण त्यात साखर पण भरपूर. कडूला जिनचा झाडोरा भिडतो आणि साखर दोघांना सांभाळते. हेच व्होडकात घातलं असतं तर नुसतं टॉनिक प्यायल्यासारखं झालं असतं, कारण व्होडकाकडे त्याला द्यायला उत्तर नाही."

"बरोबर," सुशांत म्हणाला.

दादांनी मान हलवली. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

दुसरा पेला ओठाला लावला आणि घशात आग उतरली, गिळल्यावरसुद्धा राहिली. जिंजर बीअर. ही तर मीच बनवते, आलं किसून, साखर आणि लिंबू घालून, बाटलीत आंबवून. दोन दिवस बाहेर आणि मग ताबडतोब फ्रीजमध्ये, नाहीतर बाटली फुटते. पण आत काय? जिंजर बीअरमध्ये व्होडका पण चालते आणि काळी रम पण चालते. दादा दोन्ही घालू शकतात. मी परत घोट घेतला. नुसती आग.

शेजारी सुशांत खोकला. मी बघितलं तर तो माझ्याकडे न बघता टेबलाच्या काळ्या लाकडावर बोटानं टकटक करत होता. काळी.

शेजारी बसल्या जागी त्याला वास लागला होता. म्हणजे माझं नाक गेलंय हे ह्याला माहीत आहे!

"काळी रम," मी म्हणाले. "आल्याची आग रमची आग लांबवते, त्यामुळे पेग आहे त्यापेक्षा कडक वाटतो. आणि रमचा गूळ-मसाला आल्याच्या बाजूचाच असतो, ते एकमेकांना धरून राहतात. वरून लिंबू हवं, नाहीतर जड होतं. व्होडका असती तर तिला स्वतःचा चेहराच नसतो, आलं तिला चेहरा देतं."

"बरोबर," सुशांत परत म्हणाला. आणि ह्या वेळी मी त्याला टेबलाखालून जोरात लाथ मारली.

तिसरा गोड. गोड आणि मागून आंबट. कोला. इथं मला काही विचारच करायचा नव्हता. आमच्याकडे कोलात काय जातं? रम. खाली बसणारं अर्धं लालबाग तेच पितं.

"रम आणि कोला. कोला म्हणजे गोडवा, थोडं आम्ल, आणि मसाला-व्हॅनिलाचा वास. तो रमच्या गोडव्यात गोड मिसळतो आणि कच्च्या दारूची धार झाकून टाकतो. हलक्या दारूला इज्जत देतो कोला."

दादांनी सुशांतकडे पाहिलं.

सुशांतनं पेला नाकाखाली नेला, एक घोट घेतला, आणि थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याला कळलं होतं. मग त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "रम. ताई म्हणते तेच."

दादा खो खो हसले. "व्हिस्की होती रे! कोलानं दोघांना खाल्लं!"

गुणाजी पण हसला. मी नाही हसले. कोला व्हिस्की झाकतो हे खरं, पण सुशांतच्या नाकापासून नाही झाकू शकत. रममध्ये उसाचा गोडवा असतो, व्हिस्कीत धान्य आणि लाकूड असतं. हे मीच त्याला शिकवलं, आणि तो माझ्यापेक्षा लवकर ओळखायचा. तो मुद्दाम चुकला होता. माझ्यासाठी.

राहिला चौथा पेला. उरलेला जोडीदार एकच होता. सोडा.

सोड्याकडे साखर नाही, कडू नाही, आग नाही. त्याच्याकडे फक्त बुडबुडे. ते दारूला सैल करतात, आणि फुटताना तिचा वास वर आणून नाकात सोडतात. दारू चांगली असेल तर आणखी चांगली वाटते, आणि तिच्यात खोट असेल तर तीही तुमच्या तोंडावर आणून ठेवतात. सोडा काही झाकत नाही. नवीन बाटली आली की मी तिला आधी सोड्यातच बघते.

मी घोट घेतला. जिभेवर टोचलं. घशात ऊब आली. आणि पुढे काही नाही. भिंत. व्हिस्की असेल, रम असेल, ब्रँडी असेल. दादांनी तीन पेल्यांत जिन, रम, व्हिस्की वापरली होती, म्हणून आता व्होडका असेल? की परत व्हिस्की, फसवायला?

सुशांत खोकला. परत बोटं टेबलावर.

मी त्याच्या बोटांकडे बघितलं आणि मला सगळं स्वच्छ दिसलं. त्यानं खूण केली की मी बरोबर येणार. मी चुकले तर तोही माझ्यासारखंच चुकणार. काहीही झालं तरी वरचा बार माझा, कारण मी सीनियर. आणि मग रोज संध्याकाळी वर उभी राहून मी लोकांना अंदाजानं दारू पाजणार, आणि हा मागून माझ्या चुका पुसत बसणार.

पेला मी पुढे सरकवला.

"मला माहीत नाही, दादा."

"म्हणजे?"

"म्हणजे मला वास येत नाही. तापानंतर गेलाय. पहिला मी तुम्हाला ओळखून सांगितला, दारूला नाही, दुसरा ह्याच्या टकटकीवरून आणि तिसरा अंदाजानं. आणि ह्या गाढवानं कोलाला माझ्यासाठी खोटं सांगितलंय. विचारा त्याला. चौथा त्यालाच सांगू दे."

बाहेर पुलाखाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची ती रडकी धून तेवढी ऐकू येत होती.

"सुशांत," दादा म्हणाले. "खरं सांग. हात टेबलाखाली ठेव."

सुशांतनं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. त्यानं पेला उचलला, हुंगला, घोट घेतला.

"व्हिस्की आणि सोडा. मघाचीच व्हिस्की. आता धान्याचा वास मोकळा झालाय, जरा लाकूड पण येतंय." मग तो अडखळला. "आणि दादा, पेला फिनेलच्या फडक्यानं पुसलाय."

गुणाजी हसू दाबत खाली बघायला लागला. दादांचे कान लाल झाले. चारही पेले दादांनी स्वतः पुसले होते, मोठ्या तोऱ्यात.

"बाकीच्या तिन्हींतपण असणार ना मग?" दादा गुरगुरले.

"असेल. टॉनिकनं, आल्यानं, कोलानं लपवलं. सोड्यानं नाही लपवलं."

दादांनी चौथा पेला स्वतः हुंगून बघितला. मग म्हणाले, "वर सुशांत बघेल." आणि माझ्याकडे वळले. "खालचा काउंटर तुझोच, बकुळा. पण गो, माका सांगूचा नाय? मी काय तुका खाल्लं असतंय?"

दादा चिडले किंवा हळवे झाले की मालवणीत जातात. तेव्हा दोन्ही होतं.

शटरखालून वाकून बाहेर पडले.

सुशांत मागून आलाच. मी पुलाच्या पायऱ्यांशी थांबले, कारण मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि चालता चालता नीट ओरडता येत नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"जिंजर बीअर," तो म्हणाला. "गेल्या महिन्यातली. तू बाटली उघडलीस, चाखलीस आणि म्हणालीस, झकास झालीय. ताई, गटाराचा वास येत होता. ती बिघडली होती. तुला वाटलं लिंबाचा आंबटपणा."

"मग? ती तर आपण दिली लोकांना."

"तू गेल्यावर ओतून दिली मी. नवीन लावली, तयार होईपर्यंत लोकांना संपली म्हणून सांगितलं. तेव्हापासून तुझ्या आधी येऊन मीच उघडून बघतो सगळं. लिंबं, पुदिना, बाटल्या."

मला वाटत होतं मी निभावतेय. निभावत तो होता.

"आणि आज काय गरज होती रे? वरचा बार तुला नकोय?"

"हवाय की." तो पायानं दगड उडवत म्हणाला. "पण तुला ढकलून नकोय."

"दया नको मला तुझी!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की उसाच्या रसवाल्यानं चरक थांबवला. "उद्यापासून माझ्या आधी येऊन काही हुंगायचं नाही. माझ्यासमोर हुंग. मी विचारीन, तू सांग. कळलं?"

"कळलं."

"आणि टेबलाखाली लाथ लागली का?"

"लागली की."

"बरं झालं."

घरी आले आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग नाकाला लावून बसले. आई म्हणाली, "आला का?" मी म्हणाले, "नाही." तिनं ताट वाढलं. त्या दिवशी घरात सुकटीचं कालवण होतं. सगळी चाळ त्यावर बोलत होती, मला ते गरम आणि खारट लागलं. वरचा बार गेला ह्याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठं दुःख हे होतं की ज्या कामात माझं डोकं सगळ्यात जास्त चालतं, तिथं माझं आता काहीच स्वतःचं राहिलं नव्हतं. पाठ केलेलं बोलायचं आणि दुसऱ्याला विचारून ओतायचं, एवढंच.

तसं काम चालू झालं. मी ओतायची, सुशांत हुंगायचा. वरती रंग लागला, दिवे लागले. दुपारचा सुशांत वर दार लावून काहीतरी करत बसायचा. मी एकदा दाराबाहेरून विचारलं, तर म्हणाला, "मेनू." बोलणं बसल्यासारखं, नाकातून येत होतं. मला वाटलं सर्दी झाली. मी त्याला म्हणालेसुद्धा, "बघ हां, तुझं पण नाक गेलं तर दादा दोघांना हाकलतील."

अक्षय तृतीयेला वरचा बार उघडायचा ठरला. दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, घरच्या माणसांपुरतं. गुणाजीनं कोकणातल्या रीतीनं देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्या बौद्ध घरात हे नसतं, त्यामुळे मी मागे जिन्याजवळ उभी राहते आणि जेवणात वडे-सागोती वाढायच्या वेळेला पुढे येते. हे सगळ्यांना माहीत आहे. गुणाजी म्हणत होता, वरच्या जाग्यात बरकत येऊ दे, पोरांक सांभाळ, आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मग त्यानं जागेच्या राखणदाराच्या नावानं पेल्यात रम ओतली.

"सोडा घालू?" सुशांतनं विचारलं.

"अरे, राखणदाराक कोरीच लागता!" गुणाजी त्याच्यावर खेकसला. "तेका काय तुमच्यासारखे नखरे नाय."

सगळे हसले. मग दादा म्हणाले, "चल सुशांत, नव्या बारची पहिली ऑर्डर घे. काय बनवतोस?"

सुशांत काउंटरमागे गेला. दादांना काही दिलं नाही, गुणाजीलाही नाही. सगळ्यांच्या पाठी असलेल्या माझ्यापुढे येऊन त्यानं स्टीलचा पेला धरला. वर बारीक बर्फ गच्च भरलेला, काठाला मीठ.

"मला कशाला?" मी म्हणाले. "मला काय कळणार त्यातलं?"

"पी तर."

दादांसमोर तमाशा नको म्हणून घेतला. ओठाला आधी मीठ लागलं. मग गार, दात शिवशिवतील इतकं गार. त्यातून आंबट आलं, आणि आंबटामागून जीभ आक्रसवणारं तुरट. अरे, हे आगळ! कोकमाचं आगळ! मग आल्याची आग उठली, आणि ती घशात उतरेपर्यंत तिला दुसरी आग भेटली, वेगळी, ओठांवर बसणारी. हिरवी मिरची. आणि सगळ्यात शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, जिभेच्या मागे एक बारीक कडू रेघ.

मी थांबले. परत प्यायले. परत सगळं आलं, एकामागून एक, आपापल्या जागी. कुठेही भिंत नाही. कुठेही, इथं काहीतरी असणार पण मला कळत नाही, असं नाही. मार्चपासून पहिल्यांदा माझ्या तोंडात एक पूर्ण चव होती.

"सांग," सुशांत म्हणाला. "काय काय आहे?"

"जिंजर बीअर," मी म्हणाले. "आगळ. मिरची. काठाला मीठ. शेवटी टॉनिक, थोडंसंच, कडूपुरतं. आणि गोड कमी करायला वरून सोडा मारलायस."

"बरोबर. सगळं."

"कोला का नाही?"

"बघितला घालून. सगळं झाकून टाकतो."

"आणि दारू?" मी परत घोट घेतला. ऊब होती, एवढंच. "दारू कुठली ते नाही कळत रे."

"मला पण नाही कळली," सुशांत म्हणाला.

"म्हणजे काय? तूच घातलीस ना?"

"रोज वेगळी घालून बघितली. फरकच कळला नाही. मग म्हटलं, ज्याला जी हवी ती घालू दे."

"तुला फरक कळला नाही? तुला?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर वण होते, चष्मा लावणाऱ्यांना असतात तसे. हा तर चष्मा लावत नाही. मग मला काउंटरवर, लिंबाच्या सुरीशेजारी, एक निळा प्लास्टिकचा चिमटा दिसला. दोरीवर कपडे वाळत घालायचा असतो तो.

ते बसलेलं बोलणं. ते दार लावून बसणं. रोज दुपारी हा बाबा नाकाला चिमटा लावून, माझ्या तोंडानं चाखत बसला होता.

मी रडले. सरळ, सगळ्यांसमोर, हातात पेला घेऊन रडले, आणि मला त्याची काही लाजबिज वाटली नाही. दादा खिडकीबाहेर बघायला लागले. गुणाजी म्हणाला, "मिरची ज्यास्त झाली काय?" आणि दादांनी त्याला कोपरानं ढोसलं.

डोळे पुसून मी परत एक घोट घेतला. जरा जास्त वेळ तोंडात धरला आणि मग गिळला.

"मिरची दोन मिनिटं आधी काढायला हवी होती, शेवटी आल्याला दाबते," मी म्हणाले. "टॉनिक आहे त्यापेक्षा थेंबभर जास्त चालेल. आणि मीठ सगळ्या काठाला नको, अर्ध्याच काठाला लाव, म्हणजे पिणाऱ्याला हवं तेव्हा घेता येईल."

सुशांत दोन्ही हात काउंटरवर टेकून ऐकत होता, पहिल्या वर्षी ऐकायचा तसा.

"आणि बर्फ?" त्यानं विचारलं.

"बर्फ बरोबर आहे." मी काउंटरच्या मागे गेले, तो निळा चिमटा उचलून त्याच्या हातात दिला. "लाव. परत बनवू."